उत्तर येतं, पण हात वर होत नाही: सातवीच्या वर्गात नेमकं काय बदलावं?

पाटीपेन्सिल
नमस्कार मंडळी. जि. प. शाळा, इयत्ता सातवी, विषय गणित, पट ३६, तासिका ३५ मिनिटांची. प्रश्न विचारला की तेच पाच हात वर होतात. बाकांमधून फिरून वह्या पाहिल्या तर आणखी दहा-बारा जणांचं उत्तर बरोबर निघतं. म्हणजे येतंय, पण बोलायचं नाहीये. नाव घेऊन विचारलं की उभं राहून जमिनीकडे बघतात आणि बसायला सांगेपर्यंत तसंच उभं राहतात.

छडी नाही, आरडाओरडा नाही. 'चुकलं तरी चालेल, घाबरू नका' हे रोज सांगून झालं. 'मुलांशी आपुलकीने वागा' छापाचे सल्ले प्रशिक्षणात पोत्याने मिळालेत, ते कृपया नकोत. तासाला उभं राहिल्यावर काय वेगळं करायचं, एवढंच सांगा.

चकली
ते पाच हात आम्हाला द्या. आमच्या सोसायटीच्या सभेत एकही वर होत नाही.

अण्णा_देवरुखकर
पाटीपेन्सिल, राग मानू नका, पण 'चुकलं तरी चालेल' हेच मुळात चुकतंय. चालेल म्हटल्यावर मुलं कशाला डोकं चालवतील? आमच्या वेळी गुरुजी नुसते दारात आले तरी वर्ग चिडीचूप व्हायचा, आणि तीच मुलं पुढे बोर्डात आली. थोडा धाक हवाच. मैत्रीबित्रीच्या नादात शिक्षकाला कोणी विचारत नाही आता.

सातपुडा
अण्णा, वर्ग चिडीचूप होता हे तुम्हीच लिहिलंत. ताईंची अडचण नेमकी तीच आहे ना? चिडीचूप वर्ग आहे, तो बोलता करायचाय.

वर्गखोली
पाटीपेन्सिल, 'चुकलं तरी चालेल' हे वाक्य मुलं ऐकतात आणि सोडून देतात. त्यांचं लक्ष असतं ते कोणीतरी खरोखर चुकल्यावर पुढच्या दोन-चार सेकंदांत काय होतं याकडे. त्यामुळे आधी दोन जागा तपासा: प्रश्न विचारल्यानंतरची शांतता आणि उत्तर आल्यानंतरचा तुमचा पहिला शब्द.

पहिली जागा. प्रश्न विचारून झाला की बहुतेक शिक्षक एखाद-दीड सेकंदच थांबतात. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७०च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणं ऐकून हे मोजलं होतं. थांबणं तीन सेकंदांच्या वर गेल्यावर उत्तरं लांबली, 'येत नाही' आणि नुसतं गप्प राहणं कमी झालं, आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलायला लागली. एका सेकंदात ज्याचं उत्तर तयार होतं तोच हात वर करतो. तुमचे ते पाच हात बहुधा वेगाचे आहेत, हुशारीचे असतीलच असं नाही.

करून बघायचं असेल तर खडू खाली ठेवा, फळ्यापासून दोन पावलं मागे या आणि मनात पाचपर्यंत मोजा. या पाच सेकंदांत प्रश्न पुन्हा म्हणायचा नाही, सोपा करायचा नाही, इशारा द्यायचा नाही. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. आपल्यालाच शांतता सोसत नाही, मग आपण तोच प्रश्न तीन वेगवेगळ्या शब्दांत विचारतो आणि विचार करत असलेल्या मुलाची गाडी दर वेळी पहिल्यापासून सुरू होते. एका तासात असे दहा प्रश्न झाले तरी पन्नास सेकंद जातात, त्यामुळे 'वेळ पुरत नाही' ही सबब इथे लागू नाही.

दुसरी जागा म्हणजे उत्तर आल्यानंतर. तिथेही लगेच 'शाब्बास' किंवा 'चूक' न म्हणता दोन-तीन सेकंद थांबायचं. त्यावर सविस्तर लिहिते, पण आधी सांगा, तुमच्या वर्गात चुकीचं उत्तर आलं की आता काय होतं?

पाटीपेन्सिल
खरं सांगायचं तर 'नाही, नीट बघ. बरं, दुसरं कोण सांगेल?' असं म्हणते. आवाज सौम्यच असतो.

गणितवेडा
यात एवढं अवघड काही नाही. सगळा खेळ अपेक्षांचा आहे. १९६८ साली अमेरिकेतला एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. शिक्षकांना सांगितलं की अमुक मुलं यंदा चमकणार. नावं खरं तर चिठ्ठ्या टाकून काढल्यासारखी निवडलेली. वर्षअखेरीस त्याच मुलांचा बुद्ध्यांक वाढला! शिक्षकाने मनापासून 'याला येणार' असं धरलं की मुलाला येतंच. सिद्ध झालेली गोष्ट आहे.

वर्गखोली
रोझेंथाल आणि जेकबसन यांचा प्रयोग. अर्धी गोष्ट बरोबर आहे. फरक दिसला तो मुख्यतः पहिली-दुसरीत, वरच्या वर्गांत फारसा नाही. पुढे त्याच्या मोजणीवर भरपूर टीका झाली आणि बुद्ध्यांकाचा भाग तर वादातच राहिला. 'सिद्ध' म्हणू नका.

त्यापेक्षा उपयोगाचं काम १९७०चं आहे, ब्रॉफी आणि गुड यांचं. त्यांनी पहिलीच्या वर्गांत बसून शिक्षक कोणाशी कसं वागतात ते टिपलं. ज्याच्याकडून अपेक्षा आहे ते मूल अडलं की शिक्षक प्रश्न पुन्हा सांगतात, एखादा धागा देतात. ज्याच्याकडून नाही, ते अडलं की पटकन दुसऱ्याकडे वळतात. वळताना हेतू चांगलाच असतो, 'बिचाऱ्याला लाज वाटू नये' असा. पण मुलाला त्यातून कळतं ते एवढंच की माझ्यासाठी थांबण्यात बाईंना अर्थ वाटत नाही. गणितवेडा, तुमची 'अपेक्षा' मनात राहून काही करत नाही. ती थांबण्यात आणि न थांबण्यात दिसते.

गणितवेडा
ठीक, वरच्या वर्गांचं माहीत नव्हतं. पण मूळ मुद्दा राहतोच.

ठाण्याची_आई
धागा चांगला आहे. माझा मुलगा दुसरीत आहे, इंग्रजी माध्यम. त्याच्या मिस सकाळी गुड मॉर्निंगला उत्तरच देत नाहीत असं तो म्हणतो. आता तो शाळेत जायला कुरकुर करतो. मी तक्रार करावी का? शाळा बदलावी का? फी भरमसाट घेतात.

चकली
ताई, पाटीपेन्सिल शिक्षिका आहेत, पालक नाहीत. तुम्ही दोघी वेगवेगळ्या बाजूंनी एकाच बाकावर बसलात.

सातपुडा
विषयांतर वाटलं तरी दारातल्या नमस्काराचा इथे संबंध आहे. ठाण्याची_आई, आधी बाईंना एकटं भेटून नुसतं विचारा, 'तो सकाळी आल्यावर काय करतो?' तक्रारीच्या सुरात सुरुवात केलीत तर त्या सावध होतील आणि मग मुलाशी जपून-जपून वागतील. ते दुसरीतल्या पोरालाही लगेच उमगतं.

२०१८ साली अमेरिकेतलाच एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. माध्यमिकच्या दहा वर्गांपैकी काहींत शिक्षकांनी दारात उभं राहून प्रत्येकाला नावाने बोलावलं, काल काही बिनसलं असेल तर त्याच्याशी दोन शब्द बोलले, आणि आत गेल्यावर पहिलं काय करायचं ते सांगितलं. त्या वर्गांत मुलांचं कामात लक्ष असण्याचं प्रमाण साधारण वीस टक्के-गुणांनी वाढलं. लोक यातलं फक्त 'गुड मॉर्निंग' उचलतात. 'आत जाऊन पहिलं काय करायचं' हा भाग गाळतात, आणि मग म्हणतात की काही फरक पडला नाही.

आपल्याकडे मुलं परिपाठावरून रांगेने आत येतात, दारातला क्षण हातातून जातो. पण हजेरी आहे. बहुतेक ठिकाणी ती कशी होते? मान खाली, नजर कॅटलॉगवर, नुसते नंबर. 'सतरा?' 'हजर.' 'अठरा?' 'हजर.' ३६ जणांची हजेरी दोन-अडीच मिनिटांत उरकते. तीच नाव घेऊन आणि मान वर करून घेतली तर फार तर मिनिटभर जास्त लागेल. रोज प्रत्येक मुलाकडे एकदा बघितलं जाण्याची हमी असलेली वेळ दिवसात तेवढीच आहे. चप्पल नाही, डोळे सुजलेत, बाजूचा मित्र बदललाय, हे सगळं तेव्हाच दिसतं.

गैरहजेरीचंही तसंच. चार दिवसांनी आलेल्या पोराला भर वर्गात 'काय रे, कुठं होतास?' विचारलं की त्याला एकतर खोटं बोलावं लागतं, नाहीतर घरचं सगळ्यांसमोर सांगावं लागतं. आमच्याकडे ऊसतोडीला, वीटभट्टीला गेलेली घरं असतात. तो प्रश्न मधल्या सुट्टीत एकट्याला विचारायचा. वर्गात एवढंच म्हणायचं, 'आलास, बरं झालं. अपूर्णांकांच्या बेरजेपर्यंत आलोय, वही शेजारच्याकडून बघून घे, दुपारी मी समजावतो.' आणि दुपारी खरंच समजावायचं. तिथं विसरलात तर पुढच्या वेळी त्या वाक्याला किंमत राहत नाही.

अण्णा_देवरुखकर
हे शेवटचं पटलं. दिलेला शब्द पाळणं. आमचे गुरुजी तेच करायचे. शिक्षा करणार म्हणाले की करायचे, आणि शनिवारी गोष्ट सांगणार म्हणाले की सांगायचेच. मुलं ऐकायची ती त्यामुळे.

वर्गखोली
अण्णा, हे तुमचं निरीक्षण धाकापेक्षा जास्त मोलाचं आहे. त्या गुरुजींचं वागणं आधी ओळखता यायचं. काय केलं की काय होईल हे मुलांना पक्कं ठाऊक असायचं. मुलं सगळ्यात जास्त बिचकतात ती मूडप्रमाणे वागणाऱ्या शिक्षकाला. सोमवारी ज्या गोष्टीला हसले तिच्यावरच बुधवारी भडकले, असा. तिथे धोका न पत्करणं हाच शहाणपणा, आणि हात वर करणं म्हणजे धोका. राहता राहिली शिक्षा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आहे, तेव्हा तो पर्याय चर्चेतच नको.

आता राहिलेला भाग. पाटीपेन्सिल, अपूर्णांकांची बेरीज घेऊ, सातपुडांनी विषय काढलाच आहे.

फळ्यावर १/२ + १/३. एक मुलगा म्हणतो, २/५. ही चूक जवळजवळ प्रत्येक वर्गात येते: अंशात अंश मिळवला, छेदात छेद. तुम्ही म्हणता, 'नाही, नीट बघ. दुसरं कोण सांगेल?' पाचांपैकी एकजण ५/६ सांगतो, तुम्ही पुढे जाता. वर्गाने काय पाहिलं? एकजण बोलला, चुकला, त्याच्या हातून प्रश्न काढून हुशार मुलाला दिला. आवाज कितीही सौम्य असो, व्यवहार तोच.

दुसरी पद्धत अशी. काही न बोलता २/५ फळ्यावर लिहायचं. 'आणखी कोणाचं वेगळं आलंय?' ५/६ आलं तर तेही शेजारी लिहायचं, चेहरा न बदलता. मग वर्गाला विचारायचं, '२/५ हे उत्तर कसं आलं असेल?' इथे दुसरी मुलं त्याची रीत ओळखतात आणि त्याला कळतं की असा विचार करणारा मी एकटा नाही. मग: 'अर्ध्या भाकरीत आणखी थोडी भाकरी घातली, तर अर्ध्यापेक्षा जास्त होईल की कमी?' जास्त. '२/५ अर्ध्यापेक्षा जास्त की कमी?' इथे थांबा, वेळ लागतो. पाचाचं अर्धं अडीच, दोन त्याहून कमी. बेरीज करून आधीपेक्षा कमी कसं झालं? आता बहुतेक जण 'ओ!' म्हणतात.

आणि यानंतरची पायरी जवळजवळ सगळेच विसरतात. परत त्याच मुलाकडे यायचं: 'आता तुझं काय म्हणणं?' छेद सहा करून ३/६ आणि २/६, मिळून ५/६, हे त्याच्याच तोंडून यायला हवं. खाली बसताना त्याच्या नावावर बरोबर उत्तर असलं पाहिजे. या सगळ्याला चारेक मिनिटं लागतात. रोज प्रत्येक प्रश्नाला असं करता येणार नाही, करूही नये. दिवसाला एक चूक अशी उलगडली तरी पुरे.

गणितवेडा
एक शंका. मुलं हुशार असतात. 'चेहरा न बदलता फळ्यावर लिहिलं म्हणजे चूक आहे' हे त्यांना चार दिवसांत कळेल.

वर्गखोली
अगदी बरोबर, आणि पद्धत फसते ती बहुतेक वेळा इथेच. शिक्षक फक्त चुकीची उत्तरं फळ्यावर लिहितात, 'कसं काढलंस?' फक्त चुकल्यावर विचारतात. मग 'कसं काढलंस?' म्हणजे 'चुकलास' असा त्याचा अर्थ होऊन बसतो. मूल रीत सांगण्याऐवजी घाईने उत्तर बदलतं. बरोबर उत्तरालाही तितक्याच वेळा 'कसं?' विचारा. उत्तर बरोबर असूनही मुलं बदलायला लागली, तर समजा की हा गोंधळ झालाय.

रात्रपाळी
इंजिनिअरिंग कॉलेजला शिकवतो. आमच्याकडे ७० जण, मागच्या तीन रांगा मोबाईलमध्ये. पाच सेकंद थांबलो तर रील पाच सेकंद पुढे जाईल.

चकली
मग सर, रील संपेपर्यंत थांबा.

सातपुडा
एक गोष्ट राहिली: हसणं. मूल चुकतं आणि मागून कोणीतरी फिस्सकन हसतं. तुम्ही चार मिनिटं छान हाताळाल, पण हसणं तसंच सोडलंत तर सगळं वाया. आणि त्यावर पाच मिनिटांचं भाषण दिलंत तर आणखी वाईट, कारण चुकणारा तेवढा वेळ सगळ्यांच्या नजरेत राहतो. हसणाऱ्याच्या बाकाजवळ जाऊन हळूच 'त्याचं पूर्ण होऊ दे' आणि लगेच परत प्रश्नाकडे. दर वेळी हेच, मग हसणारा सरपंचांचा मुलगा असला तरी. खरी परीक्षा तिथे असते, कारण हा नियम कोणाला लागू आणि कोणाला नाही याची नोंद मुलं ठेवत असतात.

आपण स्वतः काय बोलतो तेही बघा. 'इतकं सोपं आहे' हे वाक्य धीर द्यायला म्हणतो आपण. ज्याला येत नाही त्याने त्याचा अर्थ काय घ्यायचा? 'कळलं का?' तर सोडूनच द्या. सगळे एका सुरात 'होऽऽ' म्हणणार. त्याऐवजी 'यातली कुठली पायरी परत करू, पहिली की दुसरी?' असं विचारलं तर न कळणं गृहीत धरलेलं असतं. बोट दाखवायला सोपं जातं.

पाटीपेन्सिल
भरपूर मिळालं, आभार. दोन गोष्टी विचारते. पहिली, 'इतकं सोपं आहे' मी दिवसातून किती वेळा म्हणत असेन कोण जाणे, ते बंद. पण नाव घेऊन विचारावं की नाही? हात वर करणाऱ्यांनाच विचारलं तर पाचच राहतात, नाव घेतलं तर बाकीचे गोठतात. दुसरी गोष्ट वह्यांची. ३६ वह्या रोज तपासणं अशक्य आहे, अ‍ॅपवर माहिती भरण्यातच दुपार जाते. नुसती सही करून परत देते.

वर्गखोली
नाव घ्या, पण क्रम बदला. 'गणेश, १/२ अधिक १/३ किती?' म्हटलं की बाकीचे ३५ सुटले. आधी प्रश्न, मग शांतता, मग अर्धा मिनिट शेजाऱ्याशी बोलायला द्या, त्यानंतर नाव. आणि 'तुझं उत्तर काय' ऐवजी 'तुमच्या दोघांचं काय ठरलं?' विचारा. उत्तर दोघांचं असलं की चुकण्याचा भार निम्मा होतो. त्या अर्ध्या मिनिटात तुम्ही फिरून कोणाचं बरोबर आलंय ते बघून ठेवा. पहिले काही दिवस गप्प मुलांपैकी जिचं वहीत बरोबर आहे तिलाच विचारायचं. आणि आधी कानात सांगायचं, 'हे छान मांडलंयस, मी तुला विचारणार आहे.' चिठ्ठ्या काढून नाव घेणं वगैरे नंतर, वर्ग जरा सैलावल्यावर.

वह्यांचा हिशोब सोपा आहे. रोज सहा. आठवड्याचे सहा दिवस धरले की ३६ होतात. शनिवार अर्धा असतो, तेव्हा त्या दिवशी अगदी थोडं काम असलेल्या वह्या घ्या. एका वहीला दोन मिनिटं धरली तर रोज बारा मिनिटं. पण शेरा असा हवा की त्याने पुढे काही करता येईल. 'छान', 'सुधारणा हवी' यांचा उपयोग नाही. 'छेद सारखे केलेस, ते बरोबर. अंश बदलायचा राहिला. उदाहरण ४ पुन्हा कर.' आणि पुढच्या फेरीत नवीन पान उघडण्याआधी मागचं उदाहरण ४ बघायचं. मेहनत करायची की नाही हे मूल इथे ठरवतं. केलेलं कोणी बघतं असं एकदा दिसलं की दुसऱ्यांदा करतं. दोनदा कोणी बघितलं नाही की शेजारच्याचं उतरवतं. कोणत्या दिवशी कोणाच्या वह्या ते भिंतीवर लावा, म्हणजे तुम्हालाही टाळता येणार नाही.

अण्णा_देवरुखकर
लाल शाईबद्दल काय म्हणणं आहे? हल्ली म्हणे हिरव्या पेनने तपासायचं.

वर्गखोली
शाईचा रंग बदलून फुली गोड होत नाही हो अण्णा. फुलीच्या शेजारी काय लिहिलंय ते महत्त्वाचं. 'ढ' हिरव्या शाईत लिहिलं तरी ढच.

ठाण्याची_आई
मी मिसना भेटले. सकाळी त्या तीस मुलांच्या डायऱ्या गोळा करत असतात म्हणून मान वर होत नाही. आता मुलगाच डायऱ्या गोळा करून देणार असं ठरलंय. शाळा बदलत नाही सध्या. फीबद्दल वेगळा धागा काढते.

चकली
या धाग्यावर कोणाचा तरी प्रश्न सुटला! इतिहासात नोंद करा.

सातपुडा
छान झालं. मात्र 'जबाबदारी द्या' हा उपाय जपून. वर्गात एक मॉनिटर नेमून बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायला लावली की शिक्षकाशी नातं नाही, पोलीसपाटील तयार होतो. डायरी गोळा करणं, खडू आणणं, पाणी भरणं अशी कामं आठवड्याने फिरवा.

पाटीपेन्सिल, अजून एक. तुमच्याकडे घरी वेगळी बोली बोलणारी मुलं आहेत का? आमच्याकडे पावरी, भिलोरी बोलतात. पुस्तकी मराठीत पूर्ण वाक्य जुळवण्याची भीती गणिताच्या भीतीपेक्षा मोठी असते. उत्तर आकड्यात येतं, 'कसं' सांगताना अडतं. अशांना आधी शेजाऱ्याला घरच्या बोलीत सांगू द्या, किंवा फळ्यावर येऊन नुसतं करून दाखवू द्या. आणि मधेच उच्चार दुरुस्त करू नका. गणिताच्या उत्तरात 'पानी' की 'पाणी' काढत बसलं की पुढच्या वेळी तोंडच उघडत नाही.

गणितवेडा
पण भाषा सुधारायची कधी मग? कुठेतरी दुरुस्त करावंच लागेल.

सातपुडा
मराठीच्या तासाला, आणि एकाला उभं करून नाही. तरी तुमचा प्रश्न चुकीचा नाही, आमच्या केंद्रातही यावर एकमत नाही. काही जण म्हणतात की वरच्या वर्गात लगेच दुरुस्त केलं नाही तर सवय पक्की होते.

पाटीपेन्सिल
आहेत, सात-आठ जण पावरा आहेत. गप्प राहणाऱ्यांत तीच जास्त, हे आता लिहिताना लक्षात आलं. एक मुलगी मात्र वेगळी आहे. पहिल्या घटक चाचणीत चांगले गुण, वही नीटनेटकी, पण शाळेत आवाजच काढत नाही. शेजारणीशी बोलायला सांगितलं तरी नुसती वही पुढे करते. हिला बोलतं करावं की तसंच राहू द्यावं?

रात्रपाळी
राहू द्या. काही जण असतातच अबोल. गुण चांगले आहेत ना?

वर्गखोली
आधी मधल्या सुट्टीत बघा. मैदानावर, मैत्रिणींशी, शाळा सुटल्यावर बहिणीशी बोलते का? तिथे बोलत असेल आणि वर्गातच गप्प असेल तर वर लिहिलेलं तिलाही लागू, फक्त आणखी हळू. आधी तुमच्याशी एकटीने बोलणं, मग मैत्रीण सोबत असताना, मग चौघींत. रोज दोनेक मिनिटं, सलग दहा-बारा दिवस, अभ्यास सोडून एखाद्या विषयावर, जे तिला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. शेळ्या असतील, रांगोळी असेल, शेतातलं काम असेल. चौकशी नको, 'बाबा काय करतात' नको. आणि उत्तर आलं नाही तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा. हा उपाय फसतो तो चौथ्या-पाचव्या दिवशी कंटाळून सोडल्यामुळे.

घर सोडून कुठेच बोलत नसेल तर मात्र प्रकरण वेगळं. मग आग्रह करू नका, पालकांशी बोला, ऐकू नीट येतं का ते तपासून घ्या, आणि शाळेच्या आरोग्य तपासणीचं पथक येईल तेव्हा मुद्दाम दाखवा. अशा मुलीला सगळ्यांसमोर 'बोल, बोल' केलं की ती आणखी आत जाते. ती बोललीच तर टाळ्याही नकोत.

रात्रपाळी, गुण चांगले म्हणून सोडून देणं मला पटत नाही. ती अडली तर विचारणार कोणाला? पण तिने सगळ्यांसमोरच बोललं पाहिजे हेही पटत नाही. वहीत प्रश्न लिहून ठेवायची मोकळीक द्या, कोपऱ्यात छोटं प्रश्नचिन्ह. तुमच्या रोजच्या सहा वह्यांत ते दिसलं की उत्तर लिहा.

अण्णा_देवरुखकर
बाई, मला एक सांगा. हे सगळं करून विश्वास वाढला की नाही हे कळायचं कसं? मुलं गोड बोलतात, वाकून नमस्कार करतात, त्यावरून काही कळत नाही.

वर्गखोली
नमस्कारावरून नाहीच कळत. तीन ठिकाणी बघते मी. पेपरात कोरी सोडलेली जागा कमी होऊन चुकीची उत्तरं वाढली तर चांगली खूण. सुरुवातीला गुण तेवढेच राहतात, पण मूल प्रयत्न करायला लागलेलं असतं. दुसरं, बाकाजवळून जाताना वही हाताने झाकतात का. तिसरं, मुलं आपणहून काय विचारतात. 'बाई, समास सोडू का?' हा परवानगीचा प्रश्न. 'बाई, छेद सारखेच का करायचे?' असे प्रश्न यायला लागले की समजायचं.

आणि मोजायचंच असेल तर वर्गाचा बैठक-नकाशा कागदावर काढून पुस्तकात ठेवा. आठवड्यातून एका तासाला खुणा करा: स्वतः हात वर केला तर टिंब, नाव घेऊन बोलवलं तर आडवी रेघ, आपणहून प्रश्न विचारला तर गोल. भर तासात स्वतःला जमत नसेल तर मधल्या बाकावरच्या एखाद्याला हे काम द्या, फिरवून. बऱ्याचदा आपण बघतो त्या बाजूचेच बाक भरलेले दिसतात, आणि मग कळतं की गप्प मुलं कमी आहेत, आपली नजर न जाणारे कोपरे जास्त आहेत.

पाटीपेन्सिल
नकाशा सोमवारीच करते. मुलं उजवीकडे आणि मुली डावीकडे बसतात, आणि मी उजव्या हाताने लिहिताना कुठे तोंड करून उभी असते हे आत्ता डोळ्यासमोर आलं.

सातपुडा
नकाशावर तारीख टाका. पाऊस लागला की गळक्या कोपऱ्यातली पोरं जागा बदलतात आणि मग तुलनाच करता येत नाही.

चकली
गळका कोपरा! आता शाळा दुरुस्तीच्या निधीवर शंभर प्रतिसाद कुठे गेले नाहीत.